पहिल्या हप्त्यातले ४,४९२ रुपये

गृहकर्जाचं पहिलं आर्थिक वर्ष सरलं की प्राप्तिकराच्या कामासाठी बँकेकडून व्याजाचा दाखला घ्यावा लागतो. तो कागद पाहून पुष्कळ घरांत धक्का बसतो. ३० लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत असेल तर महिन्याचा हप्ता २६,९९२ रुपये येतो. वर्षभरात बारा हप्ते मिळून ३ लाख २४ हजारांच्या आसपास भरलेले असतात. दाखल्यात मात्र त्यातले २ लाख ६७ हजार ७०० रुपये व्याजाच्या रकान्यात असतात आणि मुद्दलातून कमी झालेले असतात फक्त ५६ हजार.

यावर सगळीकडे ऐकू येणारं स्पष्टीकरण असं, की बँका आपलं व्याज आधी वसूल करून घेतात आणि मुद्दलाला नंतर हात लावतात. हे खरं नाही. ते खरं मानल्यामुळे लोक पुढे पैशांचे चुकीचे निर्णय घेतात, म्हणून हप्ता ठरतो कसा हे एकदा मुळापासून पाहायला हवं.

सुरुवात अगदी सोप्या हिशेबाने होते. वर्षाला ९ टक्के म्हणजे महिन्याला पाऊण टक्का. ३० लाखांवर पाऊण टक्का म्हणजे २२,५०० रुपये. पहिल्या महिन्यात तुम्ही बँकेचे पूर्ण ३० लाख वापरलेत, त्याचं त्या एका महिन्याचं हे व्याज. पुढच्या महिन्याचा किंवा पुढच्या वर्षाचा एक रुपयाही त्यात नाही.

आता समजा, तुम्ही दरमहा बरोबर २२,५०० भरायचं ठरवलंत. मग मुद्दल जिथल्या तिथे राहील आणि कर्ज कधीच संपणार नाही. २५,००० भरलेत तर पहिल्या महिन्यात मुद्दलातून २,५०० कमी होतील आणि कर्ज फिटायला साडेपंचवीस वर्षांहून जास्त काळ लागेल. ३०,००० भरलेत तर साडेपंधरा वर्षांतच मोकळे व्हाल. म्हणजे बरोबर २० वर्षांत, २४०व्या हप्त्याला, शिल्लक शून्यावर आणणारा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. तो शोधण्यासाठी सूत्र आहे:

```
EMI = P × r × (1+r)^n / ((1+r)^n − 1)
```

यात `P` म्हणजे मुद्दल, `r` म्हणजे महिन्याचा व्याजदर (इथे ०.००७५) आणि `n` म्हणजे हप्त्यांची संख्या. सूत्र पाहून दचकायचं कारण नाही. `P × r` म्हणजे आपले ओळखीचे २२,५०० रुपयेच. १.००७५ला स्वतःनेच गुणत गेलं आणि असे २४० गुणक झाले की ६.००९ येतात. ६.००९ला ५.००९ने भागलं की जवळजवळ १.२. म्हणजे पहिल्या महिन्याचं व्याज आणि त्यावर साधारण पाचवा हिस्सा अधिक, एवढा तुमचा हप्ता. संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये `=PMT(9%/12,240,-3000000)` एवढं लिहिलं तरी हेच उत्तर मिळतं, आणि बँकेच्या मंजुरीपत्रातला आकडा ताडून पाहायला ते पुरतं.

पहिल्या हप्त्यातून २२,५०० व्याजाला गेले, उरलेले ४,४९२ मुद्दलाला लागले. आता शिल्लक २९,९५,५०८ रुपये. दुसऱ्या महिन्याचं व्याज या शिल्लकीवर लागतं, ते होतं २२,४६६. हप्ता तोच आहे, त्यामुळे व्याजात वाचलेले ३४ रुपये आपोआप मुद्दलाकडे वळतात आणि मुद्दलाचा वाटा ४,५२५ होतो. तिसऱ्या महिन्यात तो ४,५५९. दर महिन्याला हा वाटा पाऊण टक्क्याने वाढत जातो. सुरुवातीला ही वाढ इतकी बारीक असते की पासबुकात जाणवतही नाही. पण चक्रवाढीचा वेग मागाहून कळतो. १४९व्या हप्त्याला, म्हणजे बारा वर्षं उलटून गेल्यावर, मुद्दलाचा वाटा प्रथमच निम्म्याच्या पुढे जातो. शेवटच्या हप्त्यात व्याज असतं जेमतेम २०१ रुपये.

व्याज आधी कापलं जात नाही याचा पुरावा हवा असेल तर हेच कर्ज, याच दराने, पाच वर्षांसाठी घेऊन बघा. हप्ता येईल सुमारे ६२,२७५ रुपये. त्यातले २२,५०० व्याजाला आणि ३९,७७५ मुद्दलाला, तेही पहिल्याच महिन्यात. व्याजाचा आकडा एका रुपयाने बदलला नाही. बदलला तो मुद्दलाचा वाटा, कारण मुदत आखडली. २० वर्षांच्या कर्जात मुद्दलाला सुरुवातीला थोडं मिळतं, कारण आपल्याला झेपेल असा छोटा आणि शेवटपर्यंत सारखा राहणारा हप्ता आपण मागितलेला असतो. व्याज ठरलेलंच आहे, ते भागवून जे उरेल ते मुद्दलाला.

हप्ता सारखा ठेवायचाच नाही असं ठरवलं तर? मुद्दलाचे २४० सारखे तुकडे करून दरमहा १२,५०० अधिक त्या महिन्याचं व्याज भरता येईल. पहिला हप्ता होईल ३५,००० आणि शेवटचा १२,५९४. वीस वर्षांचं एकूण व्याज सुमारे २७ लाख ११ हजार. सारख्या हप्त्यांत तेच व्याज ३४ लाख ७८ हजार होतं. हा पावणेआठ लाखांचा फरक म्हणजे सुरुवातीची ओढाताण टाळण्याची किंमत. नुकता संसार थाटलेल्या, पहिल्या-दुसऱ्या नोकरीतल्या माणसाला ३५,००० परवडणार नसतात आणि २७,००० परवडतात, म्हणून ती किंमत मोजणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. फक्त ती मोजतो आहोत हे कर्ज घेताना माहीत असावं.

माहीत नसलं की दहाव्या वर्षी धक्का बसतो. घर विकायचं असतं, किंवा कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं असतं, आणि मुदत निम्मी झाली म्हणजे कर्जही निम्मं फिटलं असेल असा समज असतो. प्रत्यक्षात १२० हप्त्यांत ३२ लाखांहून अधिक भरूनही २१ लाख ३१ हजार शिल्लक निघतात. मुद्दल निम्म्यावर यायला चौदा वर्षं लागतात.

आता त्या चुकीच्या निर्णयाकडे येऊ. बोनस मिळाला, गावाकडची जमीन विकली, आणि हातात लाखभर रुपये आले. कर्जात भरावेत का? 'व्याज तर बँकेने आधीच घेतलंय, आता भरून काय फायदा' असं म्हणून अनेक जण थांबतात. पण व्याज आधी घेतलेलं नसतंच. ते दर महिन्याला नव्याने, त्या दिवशीच्या शिल्लकीवर लागतं. त्यामुळे शिल्लक आज एक लाखाने कमी झाली तर त्या लाखावर उरलेल्या सगळ्या मुदतीत लागणारं व्याज कायमचं थांबतं.

आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षाच्या अखेरीस एक लाख जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर उरलेल्या २२८ हप्त्यांऐवजी २०९ हप्त्यांत कर्ज संपतं. एकोणीस हप्ते वाचले, म्हणजे घातलेला लाख वजा करूनही चार लाखांहून अधिक व्याज टळलं. हाच लाख पंधरा वर्षांनी भरला तर पाच-सहा हप्ते वाचतात आणि टळलेलं व्याज सुमारे ५४ हजार असतं. तोही फायदाच आहे, पण उशिरा भरलेल्या लाखाला काम करायला पाचच वर्षं मिळतात. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक ग्राहकाकडून मुदतीआधी फेडल्याचा दंड बँकांना २०१२पासून घेता येत नाही, तेव्हा ती भीतीही बाळगू नये. पैसे भरताना मात्र हप्ता कमी करायचा नसून मुदत कमी करायची आहे, असं लेखी सांगावं. हप्ता कमी करून घेतला तर सवलत महिन्याच्या खर्चात विरून जाते आणि मुदत होती तेवढीच राहते.

याच हिशेबाची दुसरी बाजू दर वाढला की दिसते, आणि ती जास्त गंभीर आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर नेला. बदलत्या दराची गृहकर्जं त्यासोबत महागली. पुष्कळ कर्जदारांचा हप्ता मात्र तेवढाच राहिला, कारण बँकांनी मुदत लांबवली. खात्यातून कापली जाणारी रक्कम बदलली नाही, म्हणून अनेकांच्या ते लक्षातही आलं नाही.

आपल्या कर्जाचं एक वर्ष झाल्यावर दर ९चा १० टक्के झाला असं धरा. शिल्लक आहे २९ लाख ४४ हजार. त्यावर महिन्याचं व्याज होतं २४,५३२. हप्ता २६,९९२च ठेवला तर मुद्दलाला उरतात २,४६० रुपये, आणि उरलेले हप्ते २२८ऐवजी २८९ होतात. पाच वर्षं वाढली. दर ११ टक्के झाला असता तर महिन्याचं व्याज २६,९८५ आलं असतं, म्हणजे मुद्दलाला सात रुपये. त्याच्याही वर दर गेला तर हप्ता भरूनसुद्धा कर्ज फुगत जातं. मुद्दलाचा सुरुवातीचा वाटा मुळात इतका पातळ असतो की दरातली छोटी वाढ तो गिळून टाकते.

१८ ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं, हा पर्याय कर्जदाराला द्यावा आणि बदलाची माहिती त्याला कळवावी. दर तिमाहीला मिळणाऱ्या विवरणात तोवर भरलेलं मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर दाखवावा असंही त्यात आहे. त्या विवरणातला 'उरलेले हप्ते' हा आकडा मागच्या विवरणाशी ताडून पाहा. तो तीनने कमी व्हायला हवा. वाढला असेल तर मुदत ताणली गेली आहे. पडताळणीची आणखी एक सोपी रीत आहे: शिल्लक मुद्दलाला वार्षिक दराने गुणून १,२००ने भागायचं. येणारं उत्तर त्या महिन्याच्या व्याजाच्या जवळपास असलं पाहिजे. बँक दिवसांवर व्याज मोजत असेल तर २८ आणि ३१ दिवसांच्या महिन्यांत थोडा फरक दिसेल, तेवढा मान्य करावा.

वरच्या उदाहरणात दर १० टक्के झाल्यावर मूळ मुदत टिकवायची असेल तर हप्ता २८,८८७ करावा लागतो, म्हणजे महिन्याला १,९०० रुपये अधिक. झेपत असतील तर बँकेला पत्र देऊन हप्ता वाढवून घ्यावा. मुदत लांबवली असता शेवटपर्यंत जे भरावं लागलं असतं, त्याच्या तुलनेत या पर्यायात सुमारे १२ लाख रुपये कमी जातात.