थकलेल्या बिलाचं स्मरणपत्र

‘ताई, त्रास देतेय, पण ते बिलाचं जरा बघाल का? घाई नाही.’ 2025 च्या जुलैत, बिलाची मुदत टळून पंधरवडा झाल्यावर, मी एका प्रकाशनाच्या संपादकांना व्हॉट्सॲपवर हे पाठवलं. उत्तर लगेच आलं : ‘हो हो, बघते’, आणि पुढे जोडलेले हात. मग दोन आठवडे काही नाही. चूक त्यांची म्हणावी, तर ‘घाई नाही’ हे मीच लिहून दिलं होतं.

घाई होती. मुलांच्या एका पुस्तकाची 18 चित्रं, प्रत्येकी 3,000 रुपये, आणि 8,000 रुपयांचं मुखपृष्ठ, असं 62,000 चं ते काम. त्यातले 20,000 एप्रिलमध्ये आगाऊ ठरले आणि मिळाले. चित्रांच्या अंतिम फाइली 3 जूनला दिल्या, 5 जूनला उरलेल्या 42,000 चं बिल पाठवलं. बिलावर ‘30 दिवसांत’ असं छापलेलं होतं, म्हणजे 5 जुलै. 5 ऑगस्टला महिना उलटला, तेव्हा मी बसून नीट ईमेल लिहिली.

नीट म्हणजे तिसऱ्या खेपेला. पहिल्या खर्ड्यात घरभाडं होतं, आईचं औषध होतं आणि ‘कलावंताची कदर’ होती. दुसरा खर्डा त्याच्या उलट : ‘अत्यंत खेदाने’, ‘वारंवार विनंती करूनही’ आणि शेवटी वकिलाची धमकी. वकील माझ्या ओळखीत एकही नाही. दोन्ही खर्ड्यांत एक गोष्ट सारखीच होती : बिलाचा क्रमांक कुठेच नव्हता.

आपल्याकडे ह्या पत्राची अडचण शब्दापासूनच सुरू होते. प्रकाशनाच्या जगात चित्रकाराच्या मोबदल्याला मानधन म्हणतात. मान म्हणून दिलेलं धन मागायचं कसं? मागितलं की मानच जातो, असं दोन्ही बाजूंना वाटत राहतं. छपाईवाल्याला कोणी मानधन देत नाही. त्याचं बिल असतं आणि तो ते बिनदिक्कत मागतो. म्हणून मी ठरवलं, की पत्रात मानधन हा शब्द येऊ द्यायचा नाही. बिल, रक्कम, मुदत. बस्स.

पण पाठवायच्या आधी एक काम असतं, आणि बहुतेक जण ते करत नाहीत. पैसे खरोखर आले नाहीत ना, हे पाहायचं. संस्था बिलातून 10 टक्के टीडीएस कापतात, त्यामुळे 42,000 चे खात्यात 37,800 होऊन येतात, आणि आपण पासबुकात 42,000 शोधत बसतो. माझ्या खात्यात दोन्ही आकडे नव्हते.

त्यानंतर मी फॉर्म 26एएस उघडला. आपल्या नावावर कोणी किती कर कापून भरला, त्याचा हा उतारा प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येतो. थकलेल्या बिलाशी त्याचा संबंध असा : टीडीएस पैसे देतानाच कापायचा असतो असं नाही. बिल हिशोबाच्या वहीत जमा धरलं, की तेव्हाच कापावा लागतो. दोन्हींपैकी जे आधी घडेल तेव्हा. एप्रिल ते जून ह्या तिमाहीचं विवरण संस्थेने 31 जुलैपर्यंत भरायचं असतं, आणि मग काही दिवसांत ते 26एएसमध्ये उमटतं. म्हणजे जूनमध्ये माझं बिल लेखा विभागाने वहीत घेतलं असतं, तर पैसे न देताही 4,200 ची नोंद तिथे दिसायला हवी होती. विवरण भरलेलं होतं, कारण आगाऊ रकमेवरचे 2,000 दिसत होते. 4,200 मात्र नव्हते.

ह्याचा अर्थ बऱ्यापैकी स्पष्ट होता. पैसे कोणी अडवून धरले नव्हते. बिल लेखा विभागापर्यंत बहुधा गेलंच नव्हतं; संपादकांच्या इनबॉक्समध्ये, चित्रांच्या पंधरा ईमेलींखाली पडून होतं. नोंद दिसली असती, तर पत्राचा रोख वेगळा ठेवला असता : ‘बिल आपण वहीत घेतलं आहे, कर कापला आहे, रक्कम कधी सुटेल?’ आता मात्र पत्र असं हवं होतं, की ते जसंच्या तसं पुढे ढकललं तरी, मला कधी न पाहिलेल्या माणसाला दोन मिनिटांत पैसे सोडता यावेत.

विषयाच्या ओळीत लिहिलं : ‘बिल क्र. 17, रु. 42,000, मुदत 5 जुलै : स्मरणपत्र’. आणि मजकूर असा :

‘सप्रेम नमस्कार. मुलांच्या पुस्तकाच्या 18 चित्रांचं आणि मुखपृष्ठाचं बिल क्र. 17 (दि. 5 जून, शिल्लक रु. 42,000) 5 जुलैला देय होतं. आज एक महिना झाला, रक्कम अजून जमा झालेली नाही. बिलाची पीडीएफ पुन्हा जोडली आहे; पॅन, उद्यम क्रमांक आणि बँकेचा तपशील त्यावरच आहे. लेखा विभागाला ही ईमेल सीसी केली आहे.

रक्कम मंगळवार, 12 ऑगस्टपर्यंत जमा करावी, किंवा कोणत्या तारखेला जमा होईल ते त्या दिवसापर्यंत लेखी कळवावं, ही विनंती. बिलात काही त्रुटी असेल तर आजच सांगा, लगेच दुरुस्त करून पाठवते.

पुस्तकाच्या दुसऱ्या भागाची कच्ची रेखाटनं तयार आहेत. हे बिल चुकतं झालं, की ती पाठवते. आपण आधीच रक्कम पाठवली असल्यास हे पत्र विसरून जावं.’

इतकंच. क्षमस्व नाही, खेद नाही. नम्रपणाची जागा ‘सप्रेम नमस्कार’ला आणि शेवटच्या ओळीला आहे, ठामपणा सगळा 12 ऑगस्ट ह्या तारखेत. ‘लवकरात लवकर’ लिहिलं असतं तर ते कधीच उलटलं नसतं. तारीख उलटते, आणि उलटली की दुसऱ्या दिवशी फोन करायला संकोच वाटत नाही. वारही मुद्दाम घातला. 15 ऑगस्टची सुट्टी आणि महिनाअखेरीचे गणपती डोळ्यांसमोर होते. त्या दिवसांत कोणत्याही कचेरीत सही करणारा माणूस सापडत नाही.

‘किंवा तारीख कळवा’ ही पळवाट वाटेल, पण ती मला हवी होती. अमुक तारखेला देतो, असं लेखी उत्तर आलं की बिल मान्य आहे, हे त्यातच आलं. पुढे वाद झालाच, तर ‘चित्रं पसंत नव्हती’ असं म्हणायला जागा राहत नाही. येण्यासाठी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते आणि त्या मुदतीत मिळालेली सहीनिशी लेखी कबुली ती नव्याने सुरू करते. फोनवरच्या ‘हो हो’ला ही किंमत नाही.

दुसऱ्या भागाची रेखाटनं रोखण्याबद्दल मैत्रिणींशी वाद झाला. एकीला ते उद्धट वाटलं. मला वाटतं, पत्रात परिणाम लिहायचा तर तोच लिहावा, जो आपण उद्या सकाळी खरंच करू शकतो. काम थांबवणं माझ्या हातात होतं, कोर्टात जाणं नव्हतं.

आता कायद्याचं. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 हा माझ्यासारख्या घरातल्या टेबलावर काम करणाऱ्या चित्रकारालाही लागू होतो, फक्त उद्यम नोंदणी हवी. ती ऑनलाइन होते आणि फुकट असते. मात्र काम घ्यायच्या आधी करावी. बिल थकल्यावर धावपळ करून नोंदणी केली, तर जुन्या बिलाला तिचा उपयोग होईल असा भरवसा नाही. ह्या कायद्याप्रमाणे मुदत ठरली असेल तर त्या मुदतीत, पण काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत, पैसे द्यावे लागतात. ठरली नसेल तर 15 दिवसांत. काम मिळाल्यावर 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ते मिळालं त्या दिवशीच स्वीकारलं असं धरतात. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने.

ऐकायला हे जबरदस्त वाटतं, म्हणून हिशोब करून पाहिला. त्या ऑगस्टात बँक दर 5.75 टक्के होता, तिप्पट म्हणजे 17.25. 42,000 वर एका महिन्याचं व्याज होतं सुमारे 604 रुपये. एवढ्यासाठी पहिल्याच ईमेलमध्ये कायद्याचं कलम आपटायचं का? मी नाही आपटलं. बिलावरचा उद्यम क्रमांक लेखापालाला जे सांगायचं ते सांगतो. 12 तारखेनंतरच्या पत्रात मात्र व्याज लिहिलं असतं, आणि त्यानंतरची पायरी सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेची. तिथेही अर्जासोबत हेच कागद लागतात : बिल, काम पोचल्याचा पुरावा, स्मरणपत्र.

हल्ली आणखी एक धमकी फिरते : ‘45 दिवसांत पैसे नाही दिलेत, तर तुम्हाला हा खर्च करात वजा मिळणार नाही.’ 2023 च्या वित्त अधिनियमाने अशी तरतूद आणली, हे खरं. पण उशिरा का होईना, त्याच आर्थिक वर्षात पैसे दिले तर वजावट त्याच वर्षी मिळते. म्हणजे ही भीती फेब्रुवारी-मार्चमध्ये कामाची. ऑगस्टमध्ये ती घातली, तर लेखापाल मनात हसतो आणि आपलं पत्र गठ्ठ्याच्या तळाशी ठेवतो.

माझी ईमेल मंगळवारी सकाळी दहाला गेली. बुधवारी दुपारी लेखा विभागातून तीन ओळी आल्या : बिल आमच्याकडे आज पहिल्यांदा आलं, आम्ही महिन्याच्या 10 आणि 25 तारखेला पैसे सोडतो, 10 ला रविवार आहे म्हणून 11 ला करतो. संध्याकाळी संपादकताईंचा फोन आला. त्यांना खरोखरच वाटत होतं, की त्यांनी बिल पुढे पाठवलंय. 11 ऑगस्टला 37,800 जमा झाले आणि त्याच रात्री मी दुसऱ्या भागाची रेखाटनं पाठवली. त्यासोबत बिल कोणत्या पत्त्यावर पाठवायचं, हेही लेखा विभागाला विचारून घेतलं.

राहिलेले 4,200 नोव्हेंबरात 26एएसमध्ये दिसले.