कढईत उरलेल्या तेलाचं काय करायचं?

रविवारी पुऱ्या होतात. रुंद कढईत पाऊण लिटर तेल ओतलेलं असतं, तळण संपतं तेव्हा अर्धा लिटर उरतं. हे तेल टाकणं जिवावर येतं, म्हणून कढई झाकून ओट्याच्या कोपऱ्यात सरकवली जाते. मंगळवारी त्यातच पापड तळले जातात, शुक्रवारी थोडं ताजं तेल घालून कांदाभजी होतात, आणि त्यानंतरचा गाळ सोडून उरलेलं तेल रोजच्या फोडणीच्या भांड्यात जातं. त्याच स्वयंपाकघरात कुकरमध्ये शिजवलेल्या अन्नातलं सत्त्व निघून जातं का, नॉनस्टिक तव्याने कर्करोग होतो का, यावर मात्र गंभीर चर्चा चाललेली असते. माझं म्हणणं असं, की या तिन्हींत कुकरवर सर्वांत कमी संशय घ्यावा आणि तव्याबाबत एकच पथ्य पाळावं. खरी चिंता करावी ती कोपऱ्यातल्या त्या कढईची.

तळणाच्या तेलाचं तापमान साधारण १७० ते १८० अंश असतं. त्यात पुरी पडली की तिच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि बुडबुडे उसळतात. हे पाणी तेलाचे रेणू फोडतं, त्यातून सुटी मेदाम्ले तयार होतात, आणि ती वाढली की तेल पूर्वीपेक्षा कमी तापमानाला धुरू लागतं. दुसरीकडे पृष्ठभागावर हवेतला प्राणवायू तेलाशी संयोग पावतो. तिसरा बदल उष्णतेमुळे होतो. तेलाचे रेणू एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि तेल दाट होतं. कढईच्या काठावर बसणारा, साबणानेही न निघणारा पिवळा चिकट थर म्हणजे हेच जुळलेले रेणू. या सगळ्या बिघाडाचं एकत्रित मोजमाप ‘एकूण ध्रुवीय संयुगे’ या आकड्याने करतात. ताज्या तेलात ती थोडी असतात आणि प्रत्येक तळणाबरोबर वाढत जातात. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापलीकडे गेलेलं तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. हॉटेलवाल्यांकडे हे मोजायचं उपकरण असू शकतं, घरी नसतं. घरी लक्षणांवरूनच ओळखावं लागतं. तेल गडद आणि दाट होतं, वाटीतून ओतताना त्याची धार जड पडते, तळताना बुडबुडे पटकन न विरता फेस साचतो आणि नेहमीच्या आंचेवर धूर लवकर दिसतो. नुसत्या वासावर मात्र विसंबू नये. खवट वास देणारी संयुगे तळणाच्या तापमानाला बरीचशी उडून जातात. त्यामुळे बरंच बिघडलेलं तेलही नाकाला ठीक वाटू शकतं.

आता रविवारची कढई पुन्हा पाहू. पुऱ्यांच्या एका घाण्याने तेल लगेच विषारी होत नाही. बिघाड वाढतो तो नंतरच्या पाच दिवसांत. तळात राहिलेला पिठाचा चुरा पुढच्या वेळी करपतो. लोखंडाचे सूक्ष्म अंश तेलाच्या प्राणवायूशी होणाऱ्या संयोगाला वेग देतात, म्हणून लोखंडी कढईत रात्रभर ठेवलेलं तेल बाटलीतल्या तेलापेक्षा लवकर खराब होतं. मंगळवारी तेल पुन्हा तापलं, पुन्हा थंड झालं. शुक्रवारी त्यात ताज्या तेलाची भर पडली. तेल ताजं करण्याचा हा मार्ग वाटतो, पण आधीच्या बिघाडातून तयार झालेले पदार्थ ताज्या तेलाचाही बिघाड वेगाने घडवतात. फरसाणाच्या कारखान्यात दिवसभर तळण चालू असतं. तिथे माल तेल शोषून घेत जातो आणि त्या जागी सतत नवं पडत राहतं, त्यामुळे कढईतलं तेल जुनं व्हायला फारसा वेळ मिळत नाही. घरात आठवड्यातून दोन-तीनदा तळणाऱ्यांना हा हिशेब लागू पडत नाही.

‘पूर्वीच्या बायका तेल गाळून ठेवायच्याच, त्यांना कुठे काय झालं?’ हा आक्षेप नेहमी येतो आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. पूर्वी तळण सणासुदीला व्हायचं. आज ते आठवड्याचं झालं आहे. शिवाय तेलही बदललं आहे. शेंगदाण्याच्या तेलात साधारण निम्मा भाग अशा मेदाम्लाचा असतो जे उष्णतेत बऱ्यापैकी टिकतं. कोकणातलं खोबरेल त्याहूनही टिकाऊ असतं. सूर्यफूल, करडई आणि सोयाबीनच्या नेहमीच्या तेलांत मात्र लिनोलिक या चटकन बिघडणाऱ्या मेदाम्लाचं प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं. रिफाइंड सूर्यफूल तेल उशिरा धुरतं म्हणून ते तळायला चांगलं, असं सांगितलं जातं. पण धूर कधी येतो आणि तेल पुन्हा पुन्हा तापून किती टिकतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोजच्या फोडणीला सूर्यफूल तेल वापरायला हरकत नाही, तळणासाठी मात्र शेंगदाण्याचं तेल बरं.

प्रकृतीवर परिणाम होतो याला पुरावा काय? स्पेनमधल्या पिसारा गावात हजाराहून अधिक प्रौढांची तपासणी झाली आणि त्यांच्या स्वयंपाकघरांतून वापरातल्या तेलाचे नमुने घेतले गेले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जास्त बिघडलेलं तेल वापरणाऱ्यांत उच्च रक्तदाब अधिक आढळला. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. पण वारंवार तापवलेलं तेल दिलेल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांतही रक्तदाब आणि रक्तवाहिन्यांवर तशाच प्रकारचे परिणाम दिसले आहेत. तळणाच्या धुराबद्दल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली स्पष्ट वर्गीकरण केलं. उच्च तापमानाच्या तळणातून निघणारी धुरी ‘बहुधा कर्करोगकारक’ आहे. म्हणून खिडकी उघडी ठेवणं किंवा चिमणी लावणं हे नुसतं भिंतीवर तेलकट थर बसू नये म्हणून नाही.

कुकरवरचा संशय वेगळ्या कारणाने टिकला आहे. त्यात तापमान १२० अंशांच्या आसपास जातं आणि ‘जास्त उष्णता म्हणजे जास्त नाश’ असं सरळ गणित मांडलं जातं. पण जीवनसत्त्वांचा नाश तापमानाइतकाच वेळेवर अवलंबून असतो. उघड्या पातेल्यात तासभर रटरटणारी तूरडाळ कुकरमध्ये पंधरा-वीस मिनिटांत शिजते आणि शिजवलेलं पाणी डाळीतच राहतं. ब गटातली जीवनसत्त्वं आणि क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतात. त्यामुळे भाताची पेज ओतून देणं, तांदूळ चार-पाच वेळा चोळून धुणं, पालेभाजी उकळून पाणी फेकणं, या सवयींनी कुकरपेक्षा जास्त नुकसान होतं. हरभरे लवकर शिजावेत म्हणून घातलेला चिमूटभर खायचा सोडा तर ब१ जीवनसत्त्व थेट नष्ट करतो. रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यांना त्याची गरजच नसते. राजम्याच्या बाबतीत कुकर उलट संरक्षण करतो. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं एक विषारी प्रथिन असतं, ते निष्प्रभ व्हायला खळखळत्या उकळीची किमान दहा मिनिटं लागतात. कुकरमध्ये हे सहज साधतं. मंद आंचेवरच्या विजेच्या भांड्यात पाणी उकळलंच नाही, तर दाणा मऊ होऊनही ते प्रथिन शिल्लक राहू शकतं.

नॉनस्टिक तव्यावरची भीती पूर्णपणे निराधार नाही, पण ती चुकीच्या जागी लागली आहे. बहुतेक तव्यांवरचा लेप ज्या पदार्थाचा असतो तो स्वतः जवळपास निष्क्रिय आहे. सुटलेला कण पोटात गेला तरी तो शरीरात न शोषला जाता बाहेर पडतो. कर्करोगाशी ज्याचा संबंध जोडला जातो तो पीएफओए हा पूर्वी लेप बनवताना वापरला जाणारा वेगळा रासायनिक पदार्थ आहे. त्याला २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या यादीत घेण्यात आलं आणि २०२३ साली कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकण्यात आलं. तव्याचा खरा धोका रिकाम्या भांड्याखाली मोठा गॅस ठेवण्याचा आहे. साधारण २६० अंशांच्या वर लेप बिघडू लागतो, त्याहून वर त्यातून घातक वायू निघतात, आणि मोठ्या गॅसवरचा रिकामा तवा काही मिनिटांतच तिथवर पोहोचतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत याहून कितीतरी सावध, १७० अंशांची पातळी सांगितली आहे. इतकी सावधगिरी पाळायची तर फोडणी, दाणे भाजणं आणि भाकरी ही कामं लोखंडी भांड्याकडे द्यावीत आणि नॉनस्टिकवर मध्यम आंचेची घावनं, धिरडी, ऑम्लेट करावीत. ही विभागणी कुठल्याही घराला परवडणारी आहे.

मात्र भांडी आणि तेलाचं वय यांच्याही आधी एक साधा हिशेब येतो, तो क्वचितच मांडला जातो. चार माणसांचं कुटुंब महिन्याला पाच लिटरचा डबा संपवत असेल, तर ते सुमारे साडेचार किलो तेल झालं, म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम. त्याच सूचनांत दिवसाला २,००० उष्मांक लागणाऱ्या माणसासाठी वरून घातलेल्या तेलतुपाचं प्रमाण २७ ग्रॅम दिलेलं आहे. त्या हिशेबाने या कुटुंबाला साडेतीन लिटर पुरायला हवं. वाढीव दीड लिटर कितीही ताजं, घाण्याचं आणि महागडं असलं, तरी ते वाढीवच.

कढईतल्या तेलाबाबत पोषण संस्थेचाच सल्ला व्यवहार्य आहे. एकदा तळलेलं तेल गाळून भाजी-आमटीला वापरता येतं, पण त्यात पुन्हा तळू नये आणि ते एक-दोन दिवसांत संपवावं. ‘मग अर्धा लिटर दोन दिवसांत कसं संपणार?’ संपत नाही, आणि म्हणूनच उपाय तळण संपल्यावर नव्हे, सुरू होण्याआधी करायचा असतो. रुंद कढईऐवजी लहान, खोल, अरुंद तोंडाची कढई घेतली तर एका वेळी एक पुरी फुगायला तीनशे मिलिलिटर तेल पुरतं. घाणे वाढतात, वेळ थोडा जास्त जातो, पण हवेला उघडा पडणारा पृष्ठभागही कमी होतो. तेल खाली उतरलं की त्याच बैठकीत ताजी भर घालावी. शेवटच्या घाण्यांसाठी भर थांबवली की तळाशी वाटीभर तेल उरतं. ते कोमट असताना गाळून कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून अंधाऱ्या फडताळात ठेवलं, तर सोमवार-मंगळवारच्या भाज्यांत सहज संपतं. फेसाळलेलं, काळपट तेल मात्र थंड करून प्लास्टिकच्या बाटलीत साठवावं, मोरीत ओतू नये. गारठ्यात ते पाइपच्या आतल्या बाजूला घट्ट बसतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ सालीच असं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची योजना सुरू केली आहे, आणि मोठ्या सोसायटीने एकत्र साठवलेलं तेल अशा अधिकृत संकलकाला देता येतं.