न तपासलेले अक्षर कसे कळते?

डीएनएची दुहेरी सर्पिल रचना उलगडणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक असलेल्या जेम्स वॉटसन यांना मे २००७ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन इथे त्यांचा स्वतःचा जनुकसंच सोपवण्यात आला. तो सर्वांसाठी खुला करायला त्यांची तयारी होती. मात्र १९ व्या गुणसूत्रावरचे ‘एपीओई’ हे जनुक वगळा, असे त्यांनी बजावले होते. त्यांच्या आजीला अल्झायमर झाला होता आणि या जनुकाचा एक प्रकार त्या आजाराचा धोका वाढवतो. तो आपल्यात आहे की नाही, हे त्यांना कळून घ्यायचे नव्हते. त्याप्रमाणे जनुक झाकले आणि बाकीचे प्रसिद्ध झाले. पुढे ऑस्ट्रेलियातील डेल नायहोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्षात आणून दिले की, झाकलेला प्रकार शेजारच्या उघड्या अक्षरांवरून ताडता येतो. उत्तर त्यांनी जाहीर केले नाही. पण त्यानंतर त्या जनुकाभोवतीचा सुमारे २० लाख अक्षरांचा पट्टा संकेतस्थळावरून काढून टाकावा लागला.

शेजारची अक्षरे चुगली का करतात? आपल्याकडे प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. पुढच्या पिढीला देताना या दोन प्रतींमध्ये तुकड्यांची अदलाबदल होते, पण ती एका गुणसूत्रात मोजक्याच ठिकाणी. त्यामुळे जवळजवळ असलेली अक्षरे शेकडो पिढ्या एकत्रच प्रवास करतात. एकत्र आलेल्या अशा अक्षरांच्या ओळीला हॅप्लोटाइप म्हणतात. कसर लागलेल्या पोथीतला गेलेला शब्द अभ्यासक दुसऱ्या प्रतींमधली तीच ओळ पाहून भरतो. इथेही तसेच होते. संपूर्ण वाचलेल्या हजारो जनुकसंचांचा संदर्भसंच ही इथली ‘दुसरी प्रत’, आणि त्यावरून रिकाम्या जागा भरण्याच्या कामाला इम्प्युटेशन म्हणतात. मोठ्या अभ्यासांत त्याची रोज गरज पडते. कारण स्वस्त तपासणीची चिप सुमारे ३०० कोटी अक्षरांपैकी साधारण ५ ते १० लाख जागाच वाचते.

पण त्याआधी एक पायरी चढावी लागते. चिप प्रत्येक जागेवरची दोन अक्षरे सांगते. त्यातले कोणते कुठल्या प्रतीवर आहे, हे सांगत नाही. एपीओईमध्येच याचे उत्तम उदाहरण आहे. या जनुकाचे प्रकार एकमेकांपासून १३८ अक्षरांवर असलेल्या दोन जागांवरून ठरतात: rs429358 आणि rs7412. एकाच प्रतीवर पहिल्या जागी टी आणि दुसऱ्या जागी सी असेल, तर तो सर्वांत जास्त आढळणारा ई-३ प्रकार. दोन्हीकडे सी असेल तर अल्झायमरचा धोका वाढवणारा ई-४, आणि दोन्हीकडे टी असेल तर ई-२, ज्यात धोका कमी असतो. आता एखाद्याच्या अहवालात दोन्ही जागी ‘एक टी, एक सी’ असे आले, तर काय समजायचे? त्याच्याकडे एक ई-२ आणि एक ई-४ असू शकतो. किंवा एक ई-३ आणि एक ई-१, म्हणजे पहिल्या जागी सी व दुसऱ्या जागी टी असलेला चौथा प्रकार. अहवाल दोन्हींत अगदी सारखाच दिसेल, पण धोका मात्र वेगळा. आईवडिलांचे नमुने असतील तर बहुतेक वेळा उलगडा होतो. नसतील तर संदर्भसंचाकडे पाहायचे. तिथे ई-१ अत्यंत दुर्मीळ आहे, म्हणून ई-२ आणि ई-४ ही जोडीच जवळजवळ निश्चित ठरते. दोन प्रती अशा सुट्या करण्याला फेजिंग म्हणतात.

आता rs429358 तपासलेलीच नाही, असे समजू. तिथून सुमारे ११ हजार अक्षरांवर, शेजारच्या एपीओसी-१ जनुकाजवळ, rs4420638 ही जागा आहे. जुन्या अनेक चिपांवर एपीओईची मूळ जागा नव्हती, ही मात्र होती. युरोपीय वंशाच्या लोकांत इथले जी हे अक्षर बहुधा ई-४ बरोबर येते. आपल्या माणसाकडे इथे एक ए आणि एक जी आहे. फेजिंगने जी कोणत्या प्रतीवर, कोणत्या शेजाऱ्यांबरोबर आहे ते ठरले. मग संगणक ती प्रत संदर्भसंचातल्या प्रतींचे तुकडे जोडून बनली आहे असे मानतो आणि कुठला तुकडा कोणाशी जुळतो ते शोधतो. ना ली आणि मॅथ्यू स्टीफन्स या संशोधकांनी २००३ मध्ये मांडलेल्या या कल्पनेवर आजच्या बहुतेक पद्धती उभ्या आहेत. समजा, जी असलेल्या प्रतीशी जुळणाऱ्या दर १०० प्रतींपैकी ९० मध्ये हव्या त्या जागी सी आहे, आणि दुसऱ्या प्रतीशी जुळणाऱ्या १०० पैकी २ मध्ये. मग उत्तर येते ०.९० अधिक ०.०२, म्हणजे ०.९२. याला डोसेज म्हणतात. ते ‘एक सी आहे’ असे ठाम विधान नसते. शंकेसकट दिलेला तो अंदाज असतो, आणि तो पूर्णांक करून टाकला की शंका पुसली जाते.

अंदाज किती भरवशाचा, हे ओळखायची सोपी खूण आहे. एखाद्या समाजात सीचे प्रमाण १५ टक्के असेल, तर काहीच माहीत नसलेला संगणक प्रत्येकाला सरासरी डोसेज देईल: ०.३०. सगळ्यांना ०.३० मिळाले, तर त्या जागेविषयी पद्धतीला काहीच कळलेले नाही. काहींना शून्याजवळ, काहींना एकाजवळ, काहींना दोनाजवळ आकडे मिळाले, तरच तिने माणसा-माणसांतला फरक ओळखला. हा पसारा शून्य ते एक या मापात मोजतात आणि त्याला आर-स्क्वेअर म्हणतात. अनेक अभ्यास ०.३ पेक्षा कमी गुणाच्या जागा टाकून देतात. जिथे जास्त काटेकोरपणा हवा, तिथे मर्यादा ०.८ ठेवतात.

पण हा गुण पद्धतीने स्वतःच स्वतःला दिलेला असतो. संदर्भसंचच दुसऱ्या समाजाचा असेल, तर आत्मविश्वास आणि अचूकता यांची फारकत होऊ शकते. म्हणून तपासलेल्या काही जागा मुद्दाम झाकायच्या, त्या भरून घ्यायच्या आणि खऱ्या उत्तराशी ताडून पाहायच्या. आणि जो फरक संदर्भसंचात नाहीच, त्याला गुण कमी मिळत नाही. त्याची ओळच निकालात येत नाही. याचे उदाहरण आपल्या उपखंडातलेच आहे. हृदयाच्या स्नायूतील प्रथिनाच्या एमवायबीपीसी-३ या जनुकात २५ अक्षरे गळालेला एक प्रकार दक्षिण आशियातील सुमारे ४ टक्के लोकांत असतो आणि तो हृदयविकाराशी जोडला गेला आहे, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्यात हैदराबादच्या सीसीएमबीचे शास्त्रज्ञ होते. पण २०१६ चा ‘हॅप्लोटाइप रेफरन्स कन्सॉर्शियम’चा संदर्भसंच घेतला तर हा प्रकार सापडणार नाही. त्यातले सुमारे ३२ हजार लोक बहुतांश युरोपीय वंशाचे आहेत आणि गळालेली वा वाढलेली अक्षरे त्यात घेतलेलीच नाहीत.

२०१५ मध्ये पूर्ण झालेल्या ‘१००० जीनोम्स’ प्रकल्पात दक्षिण आशियाचे पाच गट आहेत: ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, आणि ब्रिटनमधले तेलुगू व श्रीलंकन तमिळ. मराठी भाषकांचा स्वतंत्र गट त्यात नाही. आपल्याकडे जातीअंतर्गत विवाहांमुळे एका समाजातल्या माणसांत लांबलचक समान तुकडे आढळतात. त्यामुळे त्याच समाजातले थोडे नमुनेही पुष्कळ रिकाम्या जागा अचूक भरू शकतात. दूरच्या समाजाचे हजारो नमुने ती उणीव पूर्ण भरून काढत नाहीत. भारतातील १०,००० जनुकसंचांची ‘जीनोम इंडिया’ची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली, तिचा उपयोग इथेच आहे. आजाराच्या धोक्याचा अहवाल हातात आला, तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: ही जागा प्रत्यक्ष वाचली की भरली? भरली असेल तर गुण किती? आणि संदर्भसंचात आपल्यासारखे लोक किती होते? उत्तरावर उपचाराचा निर्णय अवलंबून असेल, तर ती जागा प्रत्यक्ष तपासून घेणे हाच योग्य मार्ग.