आवाज चढतो, आवाज उतरतो

रेकॉर्डरवर घेतलेली दहा मिनिटांची मुलाखत व्हिडिओ एडिटरमध्ये आणली, की कधीकधी बोलणारा माणूस घाईत आणि बारीक आवाजात बोलू लागतो. फाइलची लांबी बघावी: ९ मिनिटे ११ सेकंद. एकही शब्द कापला गेलेला नसतो, तरी पाऊण मिनिट नाहीसे झालेले असते.

डिजिटल फाइलमध्ये आवाज म्हणजे नुसत्या आकड्यांची रांग. हे आकडे सेकंदाला किती या वेगाने वाचायचे, ते फाइलच्या सुरुवातीला वेगळे नोंदवलेले असते. तोच सॅम्पल रेट. सीडीचा ४४,१०० आणि व्हिडिओचा ४८,०००. सीडीचा विचित्र आकडा आला तो सुरुवातीचे डिजिटल ध्वनिमुद्रण व्हिडिओ टेपवर साठवत असल्यामुळे. चित्राच्या रेघांच्या हिशेबात तोच बसत होता.

दोन रेट वेगळे असणे हा काही दोष नव्हे. चांगला एडिटर ४४,१००च्या फाइलमधून दर सेकंदाला ४८,००० नवे आकडे मोजून काढतो आणि आवाज जसाच्या तसा राहतो. घोळ होतो तो नोंद चुकीची असली किंवा कुणी ती वाचलीच नाही तर. मग सेकंदाला ४४,१०० या वेगाने घेतलेले आकडे ४८,०००च्या वेगाने संपतात. वेळ आणि स्वर दोन्ही एकदमच बिघडतात. पांढरी एकमध्ये लावलेला तानपुरा काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध कुठेतरी ऐकू येतो, म्हणजे पेटीवर त्याला पट्टीच सापडत नाही. उलट घडले, तर दहा मिनिटांची जवळपास १० मिनिटे ५३ सेकंद होतात आणि आवाज जड, सुस्त वाटतो. २४,०००ची फाइल ४८,०००ने वाजली तर आवाज थेट वरच्या सप्तकात जातो. कार्टूनमधल्या चिपमंकची ती चिरकी बोली हीच.

म्हणून कानावर विसंबण्यापेक्षा भागाकार करावा. मूळ लांबी ६०० सेकंद, आताची ५५१. उत्तर साधारण १.०९ आले, की ४८,००० भागिले ४४,१००चाच हा ठसा. मूळ फाइल साध्या प्लेअरमध्ये नीट वाजत असेल, तर नोंद बरोबर आहे आणि दोष एडिटरच्या किंवा साउंड कार्डाच्या सेटिंगमध्ये शोधावा. प्रोजेक्टमधली सगळीच क्लिप चिरकी वाजत असेल, तर संशय साउंड कार्डावरच.

नोंदच खोटी असेल, तर पुष्कळजण पिच खाली ओढतात, पण लांबी तशीच राहते आणि ओठ जुळत नाहीत. नुसते ४८,०००मध्ये रूपांतर करूनही उपयोग नाही, कारण ते खोट्या नोंदीवरच विश्वास ठेवते. आधी खरा वेग सांगायचा, मग रूपांतर:

```
ffmpeg -i in.wav -af "asetrate=44100,aresample=48000" out.wav
```

मात्र स्वर अगदी ठीक असून तासाभराच्या व्हिडिओत ओठ हळूहळू मागे पडत असतील, तर हा तो रोग नव्हे. तिथे बहुधा फोनच्या कॅमेऱ्याचा कमीजास्त होणारा फ्रेम रेट किंवा दोन यंत्रांच्या घड्याळांतला किंचित फरक नडलेला असतो.