समाधानाचे मोजमाप : क्रमित लॉजिट पद्धती

उष्णतामापकातील पारा दहा अंशांवरून वीस अंशांवर चढला काय, किंवा वीसावरून तीसावर चढला काय, दोन्ही वेळी वाढ सारखीच असते. मापकावरील रेघा समान अंतरावर आखलेल्या असतात आणि त्या अंतराला स्वतःचा अर्थ असतो. परंतु एखाद्या सेवेविषयी ग्राहकाचे मत विचारताना प्रश्नावलीत ‘अत्यंत असमाधानी’, ‘असमाधानी’, ‘तटस्थ’, ‘समाधानी’ आणि ‘अत्यंत समाधानी’ अशी पाच उत्तरे दिली, व त्यांना १ ते ५ असे क्रमांक दिले, म्हणजे त्या क्रमांकांना उष्णतामापकाची योग्यता येत नाही. त्यांत क्रम आहे, अंतर नाही. ‘तटस्थ’ मनुष्याला ‘समाधानी’ करणे आणि ‘समाधानी’ मनुष्याला ‘अत्यंत समाधानी’ करणे ही सारख्याच श्रमाची कामे आहेत, असे मानण्यास काहीही आधार नाही. अशा क्रमवाचक उत्तरांचा विचार करण्याची जी रीत संख्याशास्त्राने सिद्ध केली आहे, तिला क्रमित लॉजिट पद्धती म्हणतात.

ही रीत उदाहरणावाचून नीट उमगत नाही. बंगळूर शहराच्या पूर्वेस कृष्णराजपुरम, म्हणजेच के. आर. पुरम, हे उपनगर आहे. तेथून व्हाइटफील्डकडे जाणारी मेट्रो २०२३ च्या मार्च महिन्यात सुरू झाली. शहराच्या बाजूने येणारी मेट्रो मात्र तेव्हा बैय्यप्पनहळ्ळी स्थानकापर्यंतच येत असे. या दोन टोकांमधील सुमारे दोन किलोमीटरांचा तुकडा ९ ऑक्टोबर २०२३ रोजी खुला झाला. मधल्या सहा-सात महिन्यांत व्हाइटफील्डहून शहरात जाणाऱ्या प्रवाशाला के. आर. पुरम येथे उतरून, रस्त्यावर येऊन, बसने बैय्यप्पनहळ्ळी गाठावी लागे आणि तेथे पुन्हा मेट्रोत चढावे लागे. उलट के. आर. पुरम येथे चढून व्हाइटफील्डकडे जाणाऱ्यास ही यातायात नव्हती. एकाच स्थानकावर, एकाच काळात, दोन प्रकारचे प्रवासी होते. तेव्हा समाधानाची पाहणी करू पाहणाऱ्यास ही जागा सोयीची होती.

आता समजा, अशा प्रवाशांना वरील पाच उत्तरांचा प्रश्न विचारला. पुष्कळ ठिकाणी अशा उत्तरांची सरळ सरासरी काढतात. या सरासरीचा दोष उघड आहे. शंभर माणसांनी ‘तटस्थ’ म्हटले तरी सरासरी ३ येते, आणि पन्नासांनी ‘अत्यंत असमाधानी’ व पन्नासांनी ‘अत्यंत समाधानी’ म्हटले तरीही ती ३ च येते. पहिल्या स्थानकावर काही घडलेले नाही; दुसऱ्यावर निम्मे लोक संतापलेले आहेत. व्यवस्थापकाला नेमके हेच कळावयास हवे असते, आणि सरासरी नेमके हेच लपविते.

क्रमित लॉजिट पद्धतीतील मूळ कल्पना अशी आहे. प्रत्येक प्रवाशाच्या मनात समाधानाची एक सलग पातळी असते, असे मानावयाचे. ती कोणाला दिसत नाही, म्हणून तिला अव्यक्त समाधान म्हणू. एखाद्या लांब सरळ रेषेवर ही पातळी कोठेतरी असते आणि त्याच रेषेवर चार खुणा असतात. पातळी पहिल्या खुणेच्या खाली असेल तर मनुष्य ‘अत्यंत असमाधानी’ या उत्तरावर खूण करतो. पहिल्या व दुसऱ्या खुणांच्या मध्ये असेल तर ‘असमाधानी’ म्हणतो. आणि चौथीच्या वर गेली तरच ‘अत्यंत समाधानी’ म्हणतो. या खुणांना छेदबिंदू म्हणतात. पाच उत्तरांना चार छेदबिंदू लागतात, जसे पाच खोल्यांना वेगळे करण्यास चार भिंती लागतात. महत्त्वाची गोष्ट ही की, या भिंती कोठे आहेत हे संशोधक ठरवीत नाही. त्या समान अंतरावर असाव्यात असा आग्रहही नाही. प्रत्यक्ष मिळालेली उत्तरे ज्या मांडणीत सर्वांत अधिक संभवनीय ठरतील, ती मांडणी गणिताने शोधून काढावयाची. या विचाराचा सर्वांत परिचित संख्याशास्त्रीय आविष्कार पीटर मॅकला यांच्या १९८० सालच्या निबंधात आढळतो.

पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत. ते कोणत्याही प्रत्यक्ष पाहणीचे नव्हेत. समजा, हिशोबाअंती असे आढळले की गाडी व बस मिळून वाट पाहण्यात गेलेल्या दर मिनिटागणिक प्रवाशाचे स्थान रेषेवर ०.१ ने खाली येते, आणि मध्ये बस पकडावी लागली तर ते आणखी १.२ ने खाली येते. चार छेदबिंदू अनुक्रमे –४.०, –२.५, –१.० आणि +१.० येथे निघाले. पहिल्या तीन छेदबिंदूंमधील अंतरे दीड-दीड आहेत, पण ‘समाधानी’ या उत्तराची खोली दोन एकके रुंद आहे. म्हणजे तीत शिरलेला मनुष्य सहजासहजी वरच्या खोलीत जात नाही. पाचही क्रमांक समान अंतरावर आहेत असे गृहीत धरणाऱ्याला ही गोष्ट कधीच दिसली नसती.

पाच मिनिटे थांबून थेट मेट्रोने जाणारा प्रवासी घेऊ. त्याचे स्थान पाचदा ०.१ ने खाली, म्हणजे –०.५ येथे आले. पण या स्थानावरील सर्व माणसे सारखेच उत्तर देणार नाहीत. कोणाची झोप अपुरी झालेली असते, कोणाला बसावयास जागा मिळालेली असते. हा चढउतार दोन्ही बाजूंस सारखा पसरलेला मानतात, आणि त्यासाठी लॉजिस्टिक नावाची वक्ररेषा वापरतात. उत्तर एखाद्या छेदबिंदूच्या खाली पडण्याची संभाव्यता या सूत्राने मिळते :

P = 1 / (1 + e^(−d))

येथे d म्हणजे छेदबिंदूतून प्रवाशाचे स्थान वजा केल्यावर उरणारी संख्या, आणि e म्हणजे सुमारे २.७१८ ही सुपरिचित संख्या. तिसरा छेदबिंदू –१.० आहे, त्यातून –०.५ वजा करता –०.५ उरतात, आणि संभाव्यता ०.३८ येते. म्हणजे असा प्रवासी ‘तटस्थ’ किंवा त्याहून खालचे उत्तर देण्याची शक्यता शेकडा ३८ आहे. दुसऱ्या छेदबिंदूशी हेच केले असता शेकडा १२ येतात. या दोहोंची वजाबाकी, शेकडा २६, ही नेमक्या ‘तटस्थ’ या उत्तराची संभाव्यता होय. प्रत्येक खोलीसाठी अशीच वजाबाकी करावयाची. तीन प्रवाशांची उत्तरे शेकड्यांत अशी निघतात :

| उत्तर | ५ मिनिटे, थेट | ५ मिनिटे, बससह | १५ मिनिटे, बससह |
|---|---|---|---|
| अत्यंत असमाधानी | ३ | ९ | २१ |
| असमाधानी | ९ | २२ | ३४ |
| तटस्थ | २६ | ३६ | ३० |
| समाधानी | ४४ | २७ | १३ |
| अत्यंत समाधानी | १८ | ६ | २ |

कोष्टकातील मधली ओळ लक्षपूर्वक पाहावी. प्रवास त्रासाचा होत गेला तसे ‘तटस्थ’ म्हणणारे आधी २६ वरून ३६ पर्यंत वाढले आणि मग ३० पर्यंत उतरले. कारण सोपे आहे. वरच्या खोल्यांतून माणसे खाली येऊ लागली की मधली खोली प्रथम भरते. त्रास आणखी वाढला की तीही खाली रिकामी होऊ लागते. टोकांच्या दोन उत्तरांबाबत गुणकाच्या ऋण चिन्हावरून दिशा निश्चित सांगता येते, मधल्यांबाबत येत नाही. केवळ गुणक छापून थांबणारा अहवाल म्हणूनच अपुरा समजावा. संभाव्यता काढून दाखविल्याच पाहिजेत. शिवाय काही संगणकीय प्रणालींत गुणकाचे चिन्ह उलटे लिहिण्याची प्रथा आहे. ज्याच्या अहवालात वाट पाहिल्याने समाधान वाढल्याचे दिसते, त्याने प्रथम ही प्रथा तपासावी.

अव्यक्त समाधानाला स्वतःचे एकक नसते, म्हणून १.२ ही संख्या एकटी फारसे काही सांगत नाही. परंतु दोन गुणकांचा भागाकार बोलका असतो. १.२ ला ०.१ ने भागले असता १२ येतात : मध्ये बस पकडण्याचा त्रास बारा मिनिटे अधिक ताटकळण्याइतका आहे. स्थानकाच्या कारभाऱ्याला हे वाक्य उपयोगी पडते. गाड्यांमधील अंतर दोन मिनिटांनी कमी केल्याने त्याची भरपाई होणार नाही, हे त्यावरून लगेच कळते.

या पद्धतीचा एक मोठा आधार मात्र तपासून घ्यावा लागतो. ‘समाधानी’ किंवा त्याहून वरचे उत्तर देणाऱ्यांची संख्या भागिले न देणाऱ्यांची संख्या, हे गुणोत्तर थेट प्रवाशांत ६२ भागिले ३८, म्हणजे सुमारे १.६३ आहे, बसवाल्यांत ते सुमारे ०.५० आहे. दुसरे पहिल्याच्या ०.३ पट झाले. आता रेघ वर सरकवून फक्त ‘अत्यंत समाधानी’ यांचेच गुणोत्तर काढले, तरीही नेमके ०.३ पट येते. आपल्या उदाहरणात असे होणारच, कारण पद्धतीने ते गृहीतच धरले आहे : कोणताही कारक सर्व भिंतींपाशी सारखाच जोर लावतो. प्रत्यक्षात तसे असेलच असे नाही. डब्यातील गर्दीमुळे ‘अत्यंत समाधानी’ म्हणणारे कमी होतील, पण कोणी ‘अत्यंत असमाधानी’ होणार नाही, असे घडू शकते. याची परीक्षा सोपी आहे. प्रत्येक भिंतीपाशी उत्तरांचे ‘वर’ व ‘खाली’ असे दोनच भाग करून चार वेगवेगळे हिशोब करावेत आणि त्यांतील गुणक शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. ते जवळजवळ सारखे असतील तर एकच गुणक पुरे. एखाद्या कारकाचे गुणक एका भिंतीपासून दुसरीपर्यंत झपाट्याने बदलत असतील, तर त्या कारकाला प्रत्येक भिंतीपाशी वेगळा गुणक द्यावा. ब्रँट यांनी १९९० साली याच तुलनेला औपचारिक कसोटीचे रूप दिले. हजारो उत्तरे असताना ही कसोटी नगण्य फरकालाही दोष ठरविते, म्हणून गुणक डोळ्यांनी पाहणे टाळू नये.

दुसरी अडचण के. आर. पुरमसारख्या ठिकाणी विशेष जाणवते. तेथे कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी व इंग्रजी या सर्व भाषा कानी पडतात, आणि प्रश्नावलीही एकाहून अधिक भाषांत छापावी लागते. ‘अत्यंत समाधानी’ या अर्थाचा शब्द एका भाषेत रोजच्या बोलण्यातला असेल, तर दुसरीत सणासमारंभापुरता राखून ठेवलेला असेल. दुसऱ्या भाषेच्या वाचकांचा चौथा छेदबिंदू मग वर सरकतो. सेवा तीच, मनातील पातळी तीच, पण उत्तर एक पायरी खाली. साधी पद्धती सर्वांचे छेदबिंदू एकच मानते, त्यामुळे ती या फरकाची गणना असमाधानात करील. भाषावार वेगळे छेदबिंदू काढून पाहिल्यास चारांपैकी एकच सरकला आहे की चारही सारखे सरकले आहेत हे कळते. एकच सरकला असेल तर शब्दाचा संशय घ्यावा. चारही सारखे सरकले असतील, तर दोष शब्दांचा की सेवेचा, हे उत्तरांवरून सांगता येत नाही. त्यासाठी दोन्ही भाषा जाणणाऱ्या प्रवाशांना दोन्ही प्रश्नावल्या द्याव्या लागतात.

आणि छेदबिंदू कितीही काळजीपूर्वक काढले, तरी जो प्रवासी स्थानकावर आलाच नाही त्याचे उत्तर हिशोबात येत नाही. २०२३ च्या त्या महिन्यांत बसची यातायात ज्यांना अगदीच असह्य झाली असेल, ते पुन्हा दुचाकीने किंवा थेट बसने जुन्या मद्रास रस्त्याने जाऊ लागले असतील. फलाटावर प्रश्नावली घेऊन उभ्या असलेल्या माणसाला उरलेले सोशिक प्रवासीच भेटतात, आणि १.२ हा गुणक त्या सोशिकांचाच असतो.