छातीला साइझ ३६, हिपला ४०: एकाच ब्लाउजमध्ये दोन साइझ

बाग हे धार जिल्ह्यातलं कुक्षीजवळचं गाव. तिथलं लाल-काळं ठशांचं सुती कापड धार-देवासच्या मराठी घरांना परकं नाही. त्याचा हिपपर्यंत येणारा साधा, सरळ ब्लाउज शिवायचा, तर तयार पॅटर्न हाताशी असूनही बऱ्याच जणी एका ठिकाणी अडतात. छाती एका साइझची, हिप दुसऱ्याच. मोठा साइझ कापला की खांदे ओघळतात, लहान कापला की खाली ओढ बसते. म्हणून दोन्ही साइझ एकाच खाक्यात घ्यायचे आणि काखेपासून हिपपर्यंतची बाजूची रेघ नव्याने आखायची.

साइझ कुठून धरायचा

वरचा साइझ ठरवायचा तो खांदा आणि मुंढा बघून, कारण हे दोन भाग नंतर दुरुस्त करणं सर्वांत अवघड. टेप काखेखालून, छातीच्या वरून फिरवून एक माप घ्या आणि छातीच्या भरीव भागावर दुसरं. दोन्हींत २ इंचांच्या आसपास फरक असेल, तर छातीच्या मापाचा साइझ चालतो. फरक बराच जास्त असेल, तर वरच्या मापाचा साइझ घेऊन छातीची जागा टक्समधून वाढवावी लागते. ते काम वेगळं, बाजूच्या रेघेने होणारं नाही.

हिशेब चौथाईचा

एक उदाहरण घेऊ. छाती ३६, कंबर ३२, हिप ४२. आपल्या पॅटर्नच्या तक्त्यात साइझ ३६ची मापं ३६-३०-३८, साइझ ३८ची ३८-३२-४० आणि साइझ ४०ची ४०-३४-४२ आहेत असं धरा. म्हणजे छातीला साइझ ३६, कंबरेला ३८ आणि हिपला ४० लागतो. ही मापं अंगाची आहेत. ढिलाई पॅटर्नमध्ये आधीच असते, ती पुन्हा मिळवू नका.

साइझ ३६ आणि ४० यांच्या हिपमध्ये ४ इंचांचा फरक आहे. पुढच्या आणि मागच्या भागाच्या मिळून चार कडा, म्हणून प्रत्येक कडेला १ इंच. कंबरेला फरक २ इंच, म्हणून कडेला अर्धा इंच. छातीला शून्य. पुढे-मागे वाढ सारखीच ठेवा, नाहीतर शिवल्यावर दोन्ही भागांतल्या ठशांच्या ओळी बाजूच्या शिलाईवर एकमेकींशी जुळत नाहीत.

रेघ कशी वळवायची

पातळ कागदावर साइझ ३६चा गळा, खांदा, मुंढा आणि छातीची रेघ जशीच्या तशी उतरवा. मग कंबरेची आणि हिपची आडवी पातळी याच साइझची घ्या. मोठ्या साइझची कंबर कागदावर किंचित खाली छापलेली असते. तिथली खूण उचलली, तर कंबर खाली सरकते.

आता कंबरेवर अर्धा इंच आणि हिपवर १ इंच बाहेर खूण करा. काखेखालचा पहिला इंच मूळ रेघेवरच राहू द्या, तिथून हळूहळू बाहेर या. तीन खुणा पट्टीने जोडल्या, तर कंबरेशी कोपरा पडतो, आणि कापडावर तो कोपरा टोचल्यासारखा दिसतो. त्याऐवजी हिप कर्व्ह लावा. खुणेपासून पाव इंच रेघ आत-बाहेर झाली तरी चालेल, पण ती कुठे मोडता कामा नये. कागद डोळ्यांच्या पातळीला धरून रेघेच्या लांबीने बघा. जी खोड समोरून दिसत नाही ती तिथे लगेच दिसते.

हिपच्या खाली रेघ सरळ उतरवा आणि तळाशी गुण्या लावून काटकोन करा. काटकोन न राहिल्यास शिवलेल्या ब्लाउजच्या दोन्ही बाजूंना टोकं लोंबतात. छापील किनार तळाशी येत असेल, तर हे आणखीच उघडं पडतं.

जुळवून बघणं

पुढच्या भागाला बाजूने टक्स असेल, तर तो कागदावरच घडी घालून बंद करा. मग पुढची कड मागच्या कडेवर ठेवून काखेपासून तळापर्यंत चालवत न्या. लांबीत फरक आला, तर तो काखेत कापू नका, तळाशी नीट करा. मुंढ्याला धक्का लागला की बाही बसत नाही.

आधी मांजरपाटावर कच्चे टाके घालून अंगावर बघा. हिपवर आडव्या ओढी दिसत असतील आणि ब्लाउज वर चढत असेल, तर तिथे अजून जागा हवी. बाजूच्या शिलाईजवळ उभ्या घड्या पडत असतील, तर वाढ जास्त झाली. काखेखाली कापड गोळा होत असेल, तर बाजूची रेघ फार वरून बाहेर काढलेली आहे.

बाजूची रेघ कुठवर पुरते

दोन साइझपर्यंतचा फरक ही रेघ सहज सांभाळते. त्याहून जास्त असेल, तर सगळी वाढ बाजूला टाकू नका. शिलाई फार तिरकी होते, ब्लाउज घंटेसारखा फाकतो आणि ठशांच्या ओळी कडेला खाली झुकलेल्या दिसतात. अशा वेळी बाजूला दोन साइझपुरतीच वाढ द्या. उरलेला फरक खाक्यावर छातीखालून तळापर्यंत उभी चीर देऊन, तळाकडे ती उघडून पसरवा. पोट किंवा पाठीचा खालचा भाग भरीव असेल, तर ती जागा तिथेच मिळते. हेही नको असेल, तर हिपच्या वर बाजूला कट ठेवा. कटाच्या वर मात्र रेघ ढिलाईसह पुरती असली पाहिजे, नाहीतर कट फाकून उघडा राहतो.