ऐकू न येणाऱ्याचा टेलिफोन

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. मी शिरूरला घरी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो, आणि दौंडहून मामांचा फोन आला. मामा सहसा फोन करीत नाहीत. रेल्वेत उभी हयात काढलेला हा माणूस आता अठ्ठ्याहत्तरीचा आहे, आणि गेली पाच-सहा वर्षे त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. कानाला यंत्र लावले तर आवाज मोठा होतो, पण शब्द काही उमटत नाही. "अरे, मामी न्हाणीघरात पडली. तिला घेऊन दवाखान्यात चाललोय. तू लवकर ये," एवढे ते बोलले.

"कोणत्या दवाखान्यात, मामा? मामी शुद्धीवर आहे का?" मी ओरडून विचारले. पलीकडून तेच वाक्य पुन्हा आले. मी आणखी मोठ्याने ओरडलो. शेजारच्या घरातला दिवा लागला, पण मामांच्या कानी काही पडले नाही. मग मी भीमेचा पूल ओलांडून दौंडला पोहोचलो तो घराला कुलूप! दोन दवाखाने धुंडाळून तिसऱ्यात मामी सापडली. खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, आता ती काठी घेऊन चालते. पण त्या रात्री माझा पाऊण तास वाया गेला तो एका प्रश्नाचे उत्तर न मिळाल्यामुळे. मामांना बोलता येत होते, मला ऐकू येत होते, फोन चालू होता. फक्त माझा शब्द त्यांच्यापर्यंत जायला वाट नव्हती.

"मग संदेश का नाही पाठवला?" असे वाचक विचारतील. पाठवला होता. तो मामांनी दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला. संदेश हे पोस्टकार्ड आहे. ते पडते आणि वाचणाऱ्याची वाट पाहते. फोन म्हणजे संभाषण. दोघे एकाच क्षणी तारेच्या दोन टोकांना हजर असतात, एकाचे वाक्य पुरे होण्याआधी दुसऱ्याला "थांबा, कोणता दवाखाना?" असे मध्येच विचारता येते. बहिऱ्या माणसाला पत्र नको असते असे नाही. पण त्याला हवा असतो फोन.

हे कोडे सुटायला फार वर्षे लागली, आणि त्यातला दैवदुर्विलास असा की, 1876 साली टेलिफोनचे पेटंट घेणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे मूळचे बहिऱ्यांचे शिक्षक. त्यांची पत्नी मेबल लहानपणापासून बहिरी होती. नवऱ्याचा शोध जगभर गाजला, पण तो तिच्या कानाच्या उपयोगाचा नव्हता.

वाट निघाली ती 1964 साली अमेरिकेत. रॉबर्ट वाइटब्रेख्त नावाचे एक पदार्थवैज्ञानिक होते, स्वतः जन्माने बहिरे. जेम्स मार्स्टर्स हे बहिरे दंतवैद्य आणि अँड्र्यू सॅक्स हे बहिरे उद्योजक त्यांना येऊन मिळाले. टेलिफोन कंपनी आपल्या तारेला परके यंत्र जोडू देईना. तेव्हा वाइटब्रेख्त यांनी युक्ती काढली. टेलिफोनचा रिसीव्हर उचलून एका पाळण्यात ठेवायचा. टंकयंत्रावर अक्षर दाबले की पाळण्यातून दोन सुरांची किलबिल निघायची, ती रिसीव्हरमधून तारेत जायची, आणि पलीकडच्या पाळण्यात तिचे पुन्हा अक्षर व्हायचे. तारेला स्पर्श नाही, पण तारेतून लिहिणे चालू! जुनी, मोडीत निघालेली टेलिप्रिंटर यंत्रे या कामी लागली.

या यंत्राचा वेग सेकंदाला सहा अक्षरांचा. एका वेळी एकानेच लिहायचे. आपले लिहून झाले की "GA", म्हणजे "आता तुमची पाळी", असे टंकायचे आणि संभाषण संपवताना "SK". मामांना मी हे सांगितले तेव्हा ते खूश झाले. स्टेशनावरच्या तारायंत्रापाशी त्यांनी तरुणपण काढलेले. अशा दोन-दोन अक्षरी खुणा त्यांच्या जिव्हाळ्याच्या.

या यंत्राची एक खोड मात्र सांगण्यासारखी आहे. त्यात फक्त बत्तीस खुणा मावत. त्यामुळे एकच खूण कधी अक्षर, तर कधी आकडा दाखवी, आणि कोणते समजायचे ते एक वेगळी खूण सांगे. ती खूण खरखरीत हरवली की "YOU" च्या जागी "697" उमटायचे. आकड्यांची अशी रांग दिसली की जाणता माणूस ओळखायचा, बिघाड समोरच्याच्या डोक्यात नसून तारेत आहे. पुढे मोबाइल आले. मोबाइल माणसाच्या आवाजाला दाबून, आवळून पाठवतो. त्या आवळण्यात ही किलबिल चिरडून जाऊ लागली. आणि बत्तीस खुणांत आपली बाराखडी मावण्याचा तर प्रश्नच नव्हता.

म्हणून मग नवी रीत आली. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून आरटीटी म्हणतात. मराठीत 'तत्क्षण मजकूर' म्हणता येईल. तिचे मूळ नियम 1998 साली ठरले. यात सूर नाहीत, पाळणा नाही. फोन नेहमीसारखा लागतो, पलीकडे वाजतो किंवा थरथरतो, समोरचा उचलतो, आणि दोघांच्या पडद्यावर लिहायची जागा उघडते. 'पाठवा' हे बटण नसते. तुम्ही "को" लिहिलेत की पलीकडे "को" दिसला, "कोणता" पुरे व्हायच्या आत मामांना कळले की प्रश्न येतो आहे. चुकले, खोडले, तर पलीकडेही खोडलेले दिसते. दोघे एकाच वेळी लिहू शकतात. आणि आमच्या कामाची गोष्ट म्हणजे त्याच कॉलमध्ये आवाजही चालू राहतो. मामांनी बोलावे, मी लिहावे!

अक्षरे वाटेत हरवू नयेत म्हणून केलेली तजवीज मोठी शहाणपणाची आहे. फोन दर सेकंदाच्या तीन-दशांश भागाला एक लहानसे पुडके पाठवतो. त्यात नवी अक्षरे असतातच, पण आधीच्या दोन पुडक्यांतली अक्षरेही पुन्हा घातलेली असतात. पोस्टमनने आजच्या पत्राबरोबर काल-परवाच्या पत्रांच्या नकलाही आणाव्यात तसे हे. लागोपाठ दोन पुडकी गळाली तरी तिसरे सगळे भरून काढते. त्याहून जास्त गळाली तर त्या जागी एक ठरावीक चिन्ह उमटते: इथे काहीतरी होते, ते आले नाही. ते दिसले की अंदाज न बांधता "पुन्हा लिहा" म्हणावे. औषधाच्या मात्रेत एक शून्य गळणे परवडत नाही.

देवनागरी यात सुखाने चालते. अडचण येते ती आपल्या लिहिण्याच्या सवयीची. पुष्कळजण इंग्रजी अक्षरे दाबून मराठी शब्द उमटवतात. तसे केले की शब्द पक्का होईपर्यंत तो पलीकडे जात नाही, किंवा आधी रोमन अक्षरे जातात आणि मग पुसली जाऊन मराठी येतात. वाचणारा गोंधळतो. सरळ मराठी कळफलकावर लिहिले तर अक्षरामागून अक्षर जाते.

पण या रीतीलाही एक कुंपण आहे. पलीकडच्याकडे तीच सोय हवी, आणि लिहायची तयारी हवी. भाचा लिहील. दवाखान्याच्या खिडकीवरची बाई कशाला लिहील? तिथे लागतो मध्यस्थ, आणि या व्यवस्थेला रिले म्हणतात. इंग्लंडात 1991 सालापासून अशी सेवा आहे. आज तिथे हव्या त्या नंबरापूर्वी 18001 फिरवले की मध्यस्थ जोडला जातो. अमेरिकेत 1990 च्या कायद्याने ती टेलिफोन कंपन्यांवर बंधनकारक केली, आणि तिथे 711 फिरवतात.

समजा, अशी मराठी सेवा आहे आणि मामांना मामीच्या टाके काढण्याची वेळ विचारायची आहे. मामा फोन लावतात. मध्यस्थ दवाखान्याला सांगतो, "हा रिले कॉल आहे. पलीकडच्या गृहस्थांना ऐकू येत नाही. ते स्वतः बोलतील, तुमचे बोलणे मी त्यांना लिहून दाखवीन. तुमचे झाले की 'बोला' म्हणा." मामा आपल्याच आवाजात विचारतात, "टाके कधी काढायचे?" बाई म्हणतात, "गुरुवारी अकराला या, पण रक्ताचा रिपोर्ट आणा. बोला." हे शब्द जसेच्या तसे मामांच्या पडद्यावर येतात. मध्यस्थाने सल्ला द्यायचा नाही, गाळायचे नाही, आणि ऐकलेले बाहेर सांगायचे नाही. बाई वैतागून "किती वेळा सांगायचं!" म्हणाल्या, तर तेही लिहायचे, कारण ऐकणाऱ्याला ते ऐकू आलेच असते. ज्यांना बोलताही येत नाही, त्यांचे लिहिलेले मध्यस्थ वाचून दाखवतो.

बिघडते कुठे? पहिल्याच वाक्याला. अनोळखी आवाज ऐकून, काहीतरी विकायला आले असे समजून लोक फोन ठेवून देतात. दुसरी अडचण वेगाची. अमेरिकेत मध्यस्थाला मिनिटाला निदान साठ शब्द टंकता यावे लागतात. आपल्याकडे मराठी टंकलेखनाच्या सरकारी परीक्षा तीस आणि चाळीस शब्दांच्या. माणूस बोलतो त्याच्या तिप्पट-चौपट. म्हणजे मराठी रिलेसाठी माणसे नव्याने तयार करावी लागतील, आणि बोलणाऱ्यांना वाक्यावाक्याला थांबायला शिकावे लागेल.

आपल्या देशात 2023 साली दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने व्हिडिओ कॉलवरून हातवाऱ्यांच्या भाषेत मध्यस्थी करण्याची सेवा सुरू केली. जन्मापासून ती भाषा बोलणाऱ्यांना ती उपकारक आहे. पण म्हातारपणी ऐकणे गेलेल्या माझ्या मामांना हातवारे येत नाहीत. त्यांना वाचता येते. त्यांच्यासारख्यांना हवा तो मजकुराचा रिले. आरटीटीचेही तसेच. काही फोनांच्या सेटिंगमध्ये "RTT" असे लिहिलेले आढळते, पण फोनात बटण असले म्हणून कॉल लागेलच असे नाही. दोन्ही फोन आणि मधली कंपनी, तिघांनाही ती रीत यावी लागते. घरातल्या घरात एक कॉल करून पाहावे. लिहायची जागा दोन्हीकडे उघडली तर उत्तम. नाहीतर तो साधाच कॉल समजावा.

आमच्याकडे ती उघडली नाही. तेव्हा मामांनी आणि मी तोडगा काढला आहे. हल्लीच्या फोनांवर कॉल चालू असताना इंटरनेटही चालू राहते. मामा फोन करतात आणि बोलतात. मी कॉल न तोडता संदेशातून उत्तर देतो. नियम तीनच. मामांनी फोन कानाला न लावता स्पीकर चालू करून डोळ्यांसमोर धरायचा. मी तीन-चार शब्दांहून लांब काही लिहायचे नाही, कारण 'पाठवा' दाबेपर्यंत त्यांना काहीच दिसत नाही. आणि त्यांनी प्रत्येक उत्तर मोठ्याने वाचून दाखवायचे, म्हणजे ते पोहोचले की नाही हे मला कळते.

दर रविवारी आम्ही तालीम करतो. परवा मी लिहिले, "मामी कशी आहे?" मामांनी ते खणखणीत वाचले, जरा थांबले, आणि म्हणाले, "स्वयंपाकघरात उभी आहे. आता तूच विचार तिला, मला तिचं ऐकू येत नाही." मागून मामीचे हसणे ऐकू आले. मी लिहिले, "मामी हसतेय." ते वाचून मामाही हसले, आणि मग नेहमीच्या सवयीने म्हणाले, "बोला."